‘दोन ओळींत ओळख पाठवा’

संपादकांचा निरोप एवढाच होता: ‘लेख आवडला. दोन ओळींत ओळख पाठवा, रविवारी घेऊ.’ भाचीने तो मला रात्री फोनवर वाचून दाखवला तेव्हा तिच्या आवाजात आनंद होता. रविवार आला, पुरवणी आली, लेख नव्हता. मी विचारलं तर म्हणाली, ‘मावशी, ओळख पाठवायची राहिली.’ राहिली म्हणजे विसरली नव्हती. रोज रात्री मुलगा झोपला की ती बसत होती, दोन ओळी लिहीत होती आणि खोडत होती. शेवटी संपादकांनी दुसरा लेख लावला. त्यांचं काही चुकलं नाही. त्यांना पान भरायचं होतं. पण मला ती गोष्ट सोडवेना. दुधात पाणी कसं ओळखतात यावर बाराशे शब्द जिने सरळ, स्वच्छ लिहिले, तिला स्वतःबद्दलच्या वीस शब्दांनी अडवलं.

तिला विचारलं, एवढं अडलं कुठे? ती म्हणाली, ‘लिहू काय? अजून कुठे काहीच छापून आलेलं नाही. एकही क्लायंट नाही. लेखिका म्हणू का? कुणी मानेल?’ आणि लेखनाची कामं मिळावीत म्हणून तिने इंटरनेटवर आधीच तयार करून ठेवलेलं ‘माझ्याविषयी’चं पान मला उघडून दाखवलं. त्यावर लिहिलं होतं: ‘नमस्कार! मी एक हौशी लेखिका असून मला लहानपणापासून वाचन-लेखनाची आवड आहे. शब्दांशी खेळायला मला आवडतं. आता मी मुक्त लेखनाच्या क्षेत्रात पदार्पण करत आहे. संधी मिळाल्यास तिचं नक्कीच सोनं करेन.’ खाली एक फोटो, कुणाच्या तरी लग्नातला, शेजारच्या बाईचा खांदा कापून काढलेला.

मी आयुष्यभर दुसऱ्यांचा मजकूर तपासत आले. आधी एका मासिकात, मग जाहिरात-मजकूर करणाऱ्या एका कचेरीत, जिथे बाहेरच्या लेखकांना काम देणं माझ्याकडे होतं. तेव्हा अशी पानं मी ढिगाने वाचली आहेत. भाचीचं ते पान मी वाचलं आणि मला जाणवलं की यातलं एकही वाक्य खोटं नाही, पण एकही वाक्य तिचं नाही. हेच चार वाक्यांचं पान कोल्हापूरच्या मुलीचं असू शकतं, अकोल्याच्या मुलाचं असू शकतं, निवृत्त तहसीलदारांचं असू शकतं. काम देणाऱ्या माणसाला त्यातून काहीच कळत नाही. आणि शेवटचं वाक्य तर त्याच्यावर ओझं टाकतं. ‘संधी’ म्हटलं की समोरचा देणारा होतो आणि आपण मागणारे. लेख विकत घेणाऱ्याला संधी द्यायची नसते, त्याला लेख हवा असतो.

आपल्याकडे स्वतःबद्दल लिहिण्याची सवय तरी कुठे लावली जाते? घरात लहानपणापासून ऐकलेलं असतं की आपली स्तुती आपण करू नये. पाहुण्यांसमोर मुलीने पेटी वाजवली तर कौतुक बाबांनी करायचं, मुलीने खाली बघायचं. मग आयुष्यात पहिल्यांदा स्वतःबद्दलचा कागद तयार होतो तो लग्नाचा बायोडेटा, आणि तोही वडील लिहितात: उंची, वर्ण, रास, मामेकुळ, अपेक्षा. त्यानंतर नोकरीचा अर्ज, ज्यात रकाने आधीच आखलेले असतात. व्याख्यानमालेत वक्त्याचा परिचय दुसरा कुणी तरी करून देतो. या सगळ्यात ‘मी हे करते, मला हे येतं’ असं सरळ बोलायचा प्रसंगच येत नाही. एकदम ते लिहायची वेळ आली की हात दोनच ठिकाणी जातो: विनयाकडे, म्हणजे ‘हौशी’, ‘होतकरू’, ‘एक छोटासा प्रयत्न’, नाहीतर फुशारकीकडे, म्हणजे ‘अनेक नामांकित संस्थांसाठी दर्जेदार लेखन’. या दोन्हींमधलं जे साधं वाक्य आहे, ते शिकावं लागतं.

खरं तर मराठीत ते वाक्य फार जुनं आहे. सावता माळी, गोरा कुंभार, नरहरी सोनार, सेना न्हावी. अभंग लिहिणारी ही माणसं कुठल्या कामातून आली ते त्यांच्या नावातच आहे, आणि तेच काम त्यांच्या अभंगांतही उतरलं. सावतोबांच्या अभंगात भाजीचा मळा आहे, नरहरींच्या अभंगात सोनाराची हत्यारं आहेत. जनाबाई स्वतःला नामयाची दासी म्हणते आणि दळण-कांडण तिच्या ओव्यांत येतं. त्या काळी ते जातीचं बंधनही होतं, हे विसरून चालणार नाही. पण वाचणाऱ्याला कळतं की हे बोलणारा माणूस कुठे उभा राहून बोलतोय. भाचीच्या पानावर नेमकं तेच नव्हतं. तिने नऊ वर्षं जिथे उभं राहून काढली, ती जागाच तिने पानावरून पुसून टाकली होती.

ती एका सहकारी दूध संघाच्या प्रयोगशाळेत होती.

मी म्हटलं, हे का नाही लिहिलंस? तर म्हणाली, ‘ते लेखन थोडंच आहे?’ तेव्हा मी तिला लेखनाबद्दल विचारायचं सोडून दिलं आणि दुसरेच प्रश्न विचारले. दिवसभर हाताने काय करायचीस? तुझ्याकडे कोण काय विचारायला यायचं? एकच गोष्ट पुन्हा पुन्हा कुणाला समजावून सांगावी लागायची? तिथे कागदावर काय लिहायचीस? आणि ती बोलायला लागली. पहाटे टँकर यायचे. आधी वास, मग तापमान, मग अल्कोहोलची चाचणी, कारण आंबट व्हायला लागलेलं दूध त्यात फाटतं. मग गर्बरच्या नळीत आम्ल, त्यावर हळूच दूध, वर थोडं अमाईल अल्कोहोल, बूच लावून हलवायचं, नळी हाताला चटका देते, मग यंत्रात फिरवायची आणि वर आलेला फॅटचा पिवळसर थर खुणांवर वाचायचा. दूध किती दाट आहे ती डिग्री वाचायला लॅक्टोमीटर. आणि खिडकीशी शेतकरी: ‘ताई, फॅट काल पाच होती, आज साडेचार कशी?’ पावसाळा सुरू झाला की हा प्रश्न रोजचा. ओला कोवळा चारा पोटात गेला, सुकी वैरण कमी झाली, की फॅट उतरते. सकाळचं आणि संध्याकाळचं दूधही सारखं नसतं. दोन धारांमधलं अंतर जास्त असेल तर दूध जास्त आणि फॅट कमी. हे तिने इतक्या वेळा सांगितलं की शेवटी एक पत्रक स्वतः लिहून काढलं, मोठ्या अक्षरात, सोप्या वाक्यांत, आणि ते संघाने गावोगावच्या संकलन केंद्रांवर चिकटवलं. तिच्या मते ते लेखन नव्हतं. ‘ते नुसतं समजावून सांगितलं होतं,’ म्हणाली.

मी ज्यांना कामं दिली त्यांतल्या बहुतेकांची परीक्षा मी याच गोष्टीवर केली होती: हा माणूस न समजणाऱ्याला समजावून सांगू शकतो का. मी एकटी नव्हे. लेख घेणारा आधी नमुना वाचतो. तो बरा वाटला तरच ‘माझ्याविषयी’वर येतो, आणि तिथे तो फारच कमी वेळ थांबतो. त्याला तीन गोष्टी बघायच्या असतात. या माणसाला हे माहीत असण्याचं कारण काय? याच्यावर आमचा वाचक का भरवसा ठेवेल? आणि याला गाठायचं कसं? ‘आधी कोणासाठी लिहिलंय’ हे पहिल्या दोन प्रश्नांचं एक सोयीचं उत्तर असतं, पण एकमेव नसतं. ते नसेल तर दुसरं उत्तर द्यायचं. मात्र ते असं हवं की त्याला ठरवलं तर तपासून बघता येईल. ‘शब्दांवर प्रेम’ कसं तपासणार? ‘२०११ ते २०२० दूध संघाच्या प्रयोगशाळेत’ हे एका फोनवर तपासता येतं.

हे ऐकल्यावर भाचीने तिच्या कामातलीच एक गोष्ट सांगितली, ती मी तेव्हापासून विसरलेले नाही. दुधात पाणी घातलं की लॅक्टोमीटरची डिग्री उतरते. पकडलं जाऊ नये म्हणून काही जण मग साखर नाहीतर मीठ घालून ती पुन्हा वर आणतात. डिग्री बरोबर येते, दूध मात्र दुप्पट बिघडलेलं असतं. ओळख लिहिताना असंच होतं. आधी खरं काम वगळून मजकूर पातळ करायचा आणि मग तो भरीव दिसावा म्हणून विशेषणं घालायची.

मग आम्ही दोघी बसलो. पान ‘मी’ने लिहायचं की ‘ती’ने, हा पहिला प्रश्न. स्वतःच्या पानावर ‘मी’. तिथे घर आपलं असतं. एकट्या माणसाने ‘त्यांचे लेखन’ किंवा ‘आमची टीम’ लिहिलं की वाचणारा बिचकतो. दुसऱ्याच्या छापलेल्या पानावर, लेखाच्या शेवटी तिरप्या अक्षरात जी ओळ येते, तिथे ‘लेखिका’ म्हणून तृतीयपुरुषी. मी कचेरीत असताना कितीदा तरी लोकांनी पाठवलेली ‘मी’ची ओळख बसून ‘ती’ची केली आहे, संपादकाला ते करावं लागू नये, एवढी काळजी घेतली तर तो मनातून आभार मानतो. म्हणून दोन्ही आधीच तयार ठेवायच्या.

पानाची पहिली ओळ कशाबद्दल लिहिते आणि कोणासाठी लिहिते, ही. जन्मगाव, शिक्षण, आवड मागून, आणि तेही विषयाशी लागत असेल तरच. दुसऱ्या परिच्छेदात ते माहीत असण्याचं कारण. तिसऱ्यात नमुने. चौथ्यात कामाची पद्धत: भाषा, शब्दमर्यादा, किती दिवसांत देते, संपर्क. असं करत तिचं पान शेवटी हे झालं:

‘दूध, दुग्धजन्य पदार्थ आणि त्यांची लेबलं याबद्दल मी मराठीत लिहिते: पिशवी विकत घेणाऱ्यांसाठी आणि दूध घालणाऱ्यांसाठी. २०११ ते २०२० या काळात मी एका सहकारी दूध संघाच्या प्रयोगशाळेत दूध तपासत होते. पावसाळ्यात फॅट का उतरते, दूध परत का पाठवलं, हे शेतकऱ्यांना खिडकीतून समजावून सांगणं हा त्या कामाचाच भाग होता. समजावून सांगायला मी तिथे शिकले. खालचे तीन लेख मी नमुना म्हणून स्वतःहून लिहिले आहेत. आठशे ते पंधराशे शब्दांचा लेख मी आठवड्याभरात देते. आकडा आणि नियम कुठून घेतला ते लेखासोबत वेगळ्या कागदावर कळवते. वजन कमी करण्याचे किंवा आजारांवरचे सल्ले मी लिहीत नाही.’

यात ‘नवीन’ हा शब्द नाही, ‘अनुभवी’ही नाही. क्लायंट नाहीत हे कुठेही सांगितलेलं नाही आणि कुठेही लपवलेलंही नाही. ‘स्वतःहून लिहिले आहेत’ वाचल्यावर ज्याला समजायचं त्याला समजतं. ‘तपासत होते’ हा भूतकाळ तिने आग्रहाने ठेवला. नोकरी सोडून काही वर्षं झाली, मधल्या काळात नवऱ्याची बदली झाली, मुलगा झाला. त्याचं स्पष्टीकरण पानावर द्यायचं कारण नाही. सालं सरळ लिहिली की पुरे. पण ‘तपासते’ लिहिलं असतं तर ते खरं नसतं, आणि अन्नाचे नियम बदलत असतात, त्यामुळे तो काळ सांगणं वाचकाच्याही कामाचं आहे. लेखासोबत वेगळा कागद देण्याची कल्पना तिचीच. मी एवढी वर्षं काम केलं, पण फार थोडे लेखक ते करतात, आणि जे करतात त्यांना पुन्हा काम दिलं जातं.

नमुन्यांवर आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला. तिच्या डोक्यात होतं की एका मोठ्या दूध ब्रँडसाठी कल्पित जाहिरात लिहावी, त्यांचं बोधचिन्हही लावावं, म्हणजे पान भरल्यासारखं दिसेल. मी तिला तिथेच थांबवलं. बोधचिन्ह दिसलं की बघणारा ते काम खरंच केलेलं समजतो, आणि खाली बारीक अक्षरात ‘काल्पनिक’ लिहून ती समजूत पुसली जात नाही. कुणी विचारलं तर तिथे सगळंच संपतं. त्याऐवजी तीन वेगळ्या तऱ्हेचे लेख ठरवले. एक समजावणारा: पिशवीवर टोन्ड आणि डबल टोन्ड लिहिलेलं असतं, त्यात फरक काय. टोन्डमध्ये किमान ३ टक्के फॅट आणि ८.५ टक्के फॅटविरहित घनपदार्थ, डबल टोन्डमध्ये किमान १.५ टक्के फॅट पण घनपदार्थ ९ टक्के. म्हणजे डबल टोन्ड हे पाणी घालून पातळ केलेलं दूध, हा घरोघरचा समज बरोबर नाही. दुसरा प्रश्नोत्तरांचा, शेतकऱ्यांसाठी, पावसाळ्यातल्या फॅटबद्दल. तिसरा कृतीचा: थोडं दूध पाणी घालून उकळायचं, थंड करायचं, त्यात टिंक्चर आयोडीनचे दोन-तीन थेंब टाकायचे, निळा रंग आला तर पिष्ट मिसळलंय. गरम दुधात थेंब टाकले तर रंग नीट दिसत नाही, म्हणून ‘थंड करायचं’ हे शब्द तिने वेगळ्या ओळीत लिहिले. ती ओळ वाचताना मला वाटलं, ज्याने हे प्रत्यक्ष केलंय त्यालाच ही ओळ सुचते, आणि कुठल्याही ‘अनुभवी’ या विशेषणापेक्षा ती जास्त सांगते. प्रत्येक लेखाखाली तारीख आणि ‘हा लेख कोणत्याही संस्थेसाठी लिहिलेला नाही’ एवढं वाक्य.

संघाने चिकटवलेलं ते पत्रकही तिला लावायचं होतं, आणि माझंही मन होत होतं, कारण ते खरंच सुंदर आहे. पण नोकरीत असताना नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या मजकुराचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणाऱ्याचा असतो; १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ तसं सांगतं. म्हणून तिने जुन्या साहेबांना फोन करून परवानगी मागितली. ते म्हणाले, वर विचारून सांगतो. तोपर्यंत पानावर फक्त उल्लेख: असं पत्रक लिहिलं होतं. साहेबांनी स्वतःहून दोन वाक्यांचा अभिप्राय मात्र लिहून दिला, की तिच्या नोंदी कधी दुसऱ्यांदा तपासाव्या लागल्या नाहीत. तो त्यांच्या हुद्द्यासकट लावला, ‘माजी वरिष्ठ’ असं स्पष्ट लिहून, म्हणजे तो क्लायंटचा अभिप्राय वाटू नये.

आणखी एक गोष्ट नव्या माणसांना फार उशिरा कळते. आपल्या पानावर टाकलेला लेख बरीच मासिकं ‘प्रकाशित’ धरतात. दिवाळी अंकांच्या आवाहनात ‘साहित्य अप्रकाशित असावे’ हे वाक्य असतंच. म्हणून जो लेख छापून यावा असं मनापासून वाटतं, तो नमुना म्हणून लावायचा नाही. दुधात पाणी कसं ओळखतात हा तिचा सगळ्यात चांगला लेख आम्ही पानाबाहेर ठेवला.

नावाचा प्रश्न मला वाटलं होतं त्याहून अवघड निघाला. पदवी माहेरच्या नावावर, प्रयोगशाळेतले लोक त्याच नावाने ओळखणार. पॅन आणि बँकेचं खातं सासरच्या नावावर. कुठलं नाव छापायचं? ती दोन दिवस काही बोलली नाही. मला त्यात कसं पडावं कळेना, कारण हा फक्त धंद्याचा प्रश्न नव्हता. शेवटी तिने माहेरचं आडनाव घेतलं. कारण विचारलं तर म्हणाली, ‘दूध तपासलं ते त्या नावाने.’ माझ्याकडून तिला फक्त दोन गोष्टी सांगायच्या होत्या. पैसे पॅनच्या नावानेच येणार, तेव्हा काम मिळताच हिशेब विभागाला दोन्ही नावं कळवायची, बिल देताना नव्हे. आणि रोमन लिपीतलं स्पेलिंग सगळीकडे एकच ठेवायचं, कारण संपादक नाव शोधतो तेव्हा बहुतेकदा रोमनमध्येच टाइप करतो. एका ठिकाणी एक ‘a’ आणि दुसरीकडे दोन असले की ती दोन वेगळी माणसं होतात.

छापील ओळख मग सोपी झाली. ‘लेखिका नऊ वर्षं सहकारी दूध संघाच्या प्रयोगशाळेत कार्यरत होत्या. दुधाची गुणवत्ता आणि भेसळ या विषयांवर त्या लिहितात.’ दोन वाक्यं. त्यात ‘अभ्यासक’ घालू का असं तिने विचारलं. वर्तमानपत्रांत लेखाखाली तो शब्द इतका येतो की तो नसला तर ओळख उघडी वाटते. मी नको म्हटलं. काम सांगितल्यावर वेगळ्या बिरुदाची गरज राहत नाही, आणि बिरुद दुसऱ्याने लावलं तर शोभतं.

सगळ्यात लहान ओळख सगळ्यात जास्त वेळ खाते. इन्स्टाग्रामवर दीडशे, एक्सवर एकशे साठ चिन्हांची मर्यादा, आणि देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडल्याची खूण, सगळं वेगळं मोजलं जातं. ‘क्षेत्र’ डोळ्याला दोन अक्षरं दिसतात, मोजणीत सात भरतात. त्यामुळे ‘क्षेत्रात कार्यरत’सारखे जड जोडाक्षरी शब्द तिथे परवडत नाहीत, आणि ते गेल्याने वाक्य सुधारतंच. तिचं शेवटी असं झालं: ‘दुधाच्या प्रयोगशाळेत नऊ वर्षं काम. आता दूध, भेसळ आणि लेबलांवर मराठीत लिहिते. लेखांसाठी ईमेल करा.’ शंभराच्या आत. पानाचा पत्ताही तिने आधी मराठीत ठेवला होता, दिसायला छान. पण तो दुवा तिने मला व्हॉट्सॲपवर पाठवला तेव्हा `%E0%A4%AE%E0%A4%BE` अशी लांबलचक रांग आली, जिच्यावर बोट ठेवायला कुणी धजणार नाही. पान मराठी, पत्ता साधा `/about`. फोटो खिडकीजवळ, सकाळच्या उजेडात, तिच्या मुलाने काढला.

पहिला लेख छापून आला की हे पान बदलावं लागेल, हेही तेव्हाच ठरलं. आधी तो लेख नमुन्यांच्या वर येईल, अंकाचं नाव आणि महिना यांसह. दोन-तीन झाले की सगळ्यात कच्चा नमुना निघेल. प्रयोगशाळेची ओळ मात्र राहील. क्लायंट आले की लोक ती आधी काढतात आणि नावांची माळ लावतात, असं मी पाहिलं आहे. मग काही वर्षांनी ते पानही कुणाचंही असू शकतं असं होऊन बसतं. दुधातल्या पाण्याचा तो लेख तिने आता दुसऱ्या एका संपादकांकडे पाठवलाय, या वेळी दोन ओळींच्या ओळखीसकट. उत्तर यायचं आहे.

आमचं एका वाक्यावर अजून जमलेलं नाही. ‘वजन कमी करण्याचे किंवा आजारांवरचे सल्ले मी लिहीत नाही.’ मी म्हणते, नव्या माणसाने दार बंद करू नये. आरोग्यावरच्या मजकुराला आज सगळ्यात जास्त मागणी आहे, आणि दुधावर लिहिणाऱ्याकडे ती कामं पहिली येतील. ती म्हणते, म्हणूनच ते लिहिलंय. दूध प्यायल्याने काय बरं होतं हे तिला माहीत नाही, दुधात काय आहे ते माहीत आहे, आणि विचारणाऱ्याचा वेळ जाऊ नये. गेल्या आठवड्यात तिला अशी एक विचारणा आलीच, ते वाक्य न वाचता केलेली, पैसेही बरे होते. तिने नाही म्हणून कळवलं आणि खाली टोन्ड-डबल टोन्डच्या लेखाचा दुवा दिला. मला वाटतं वर्षभराने ते वाक्य काढावं. तिला तसं वाटत नाही, आणि पान तिचं आहे.